नागपूर किती बिटांचं?

नागपूरहून मुंबईला येणाऱ्या गाडीत वर्धा मागे पडलं, डबे उघडले गेले आणि भाचीने खेळ काढला. तिने महाराष्ट्रातला एक जिल्हा मनात धरायचा, मी प्रश्न विचारायचे आणि तिने फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर छत्तीसही जिल्ह्यांची नावं लिहिलेली होती, त्यामुळे मागाहून भांडायला जागा नव्हती.

“मामा, किती प्रश्नांत ओळखशील?”

“सहा.”

“पाचात नाही?”

“नशीब असेल तर पाचात, चारातसुद्धा. पण खात्रीने सहा.”

हा सहाचा आकडा मी हवेतून काढला नव्हता. यादीच्या मधोमध रेघ मारायची आणि विचारायचं, ‘रेघेच्या वर आहे का?’ उत्तर काहीही आलं तरी छत्तीसांतले अठरा गळतात. पुन्हा रेघ मारली की नऊ उरतात. नवाचे सरळ दोन भाग होत नाहीत, म्हणून फार तर पाच उरतील. मग तीन, मग दोन, मग एक. झाले सहा प्रश्न. पाचात खात्री का देता येत नाही, याचंही कारण तितकंच साधं आहे. एका प्रश्नाची दोन उत्तरं, दोन प्रश्नांच्या उत्तरांच्या चार जोड्या, तिनांचे आठ प्रकार. असं दुप्पट करत गेलं तर पाच प्रश्नांच्या उत्तरांचे एकूण बत्तीसच वेगवेगळे क्रम होतात. जिल्हे छत्तीस आहेत. म्हणजे प्रश्न कितीही हुशारीने रचले तरी काही जिल्ह्यांना स्वतःचा असा हो-नाहीचा क्रम मिळणारच नाही.

मग डाव उलटला. मी जिल्हा धरला आणि तिने लगेच विचारलं, “कोकणात आहे का?”

हा प्रश्न बहुतेक सगळे विचारतात, मीही लहानपणी विचारला असता. तो मोजून पाहण्यासारखा आहे. कोकण विभागात सात जिल्हे येतात: मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. उत्तर ‘हो’ आलं तर छत्तीसाचे एकदम सात होतात. ‘नाही’ आलं तर एकोणतीस उरतात, म्हणजे प्रश्न खर्च झाला आणि गर्दी जवळपास तशीच राहिली. मी ‘नाही’ म्हणालो तेव्हा तिचा चेहरा पडला, आणि त्या पडलेल्या चेहऱ्यामागे एक अगदी मोजता येण्याजोगी गोष्ट होती. तिला उत्तर मिळालं होतं, पण माहिती फारशी मिळाली नव्हती.

माहिती मोजायची ती अशी: उत्तराच्या आधी किती शक्यता होत्या, उत्तरानंतर किती उरल्या आणि आधीच्या संख्येवरून नंतरच्या संख्येवर यायला किती वेळा निम्मं करावं लागलं. एकदा निम्मं केलं की एक बिट. छत्तीसांचे अठरा झाले, एक बिट. छत्तीसांचे नऊ झाले, दोन बिट. छत्तीसांचे सात झाले तर दोनदा निम्मं करून थोडं पुढे गेलो, म्हणून दोन बिट आणि वर काहीतरी. नेमकं सांगायचं तर २.३६. आणि छत्तीसांचे एकोणतीस झाले तर एकदाही निम्मं झालेलं नाही, मिळाले ते ०.३१ बिट. ‘कोकण’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणजे घबाड आहे, पण ते छत्तीस वेळांत सातदाच लागतं. लागणं-न लागणं दोन्ही धरून सरासरी काढली तर हा प्रश्न पाऊण बिटाच्याही आत राहतो. मधोमध कापणारा प्रश्न मात्र दर वेळी पुरता एक बिट आणतो, आणि हो-नाहीच्या प्रश्नाकडून सरासरीने याहून जास्त कधीच मिळू शकत नाही.

‘किती वेळा निम्मं करावं लागलं’ याला गणितात नाव आहे: दोन पायाचा लॉगॅरिदम. हा शब्द ऐकून अनेकांना अकरावी-बारावीतली लॉग टेबलची पातळ पुस्तिका आठवेल. ती पुस्तिका दहा पायाची होती. दहाचा कितवा घात केला की ती संख्या येते, ते ती सांगायची. इथे दहाऐवजी दोन घ्यायचे, एवढाच फरक. दोनाचा पाचवा घात बत्तीस, म्हणून बत्तिसाचा लॉग पाच. सहावा घात चौसष्ट, म्हणून चौसष्टाचा सहा. छत्तीस मध्ये पडतो:

log₂ 36 ≈ 5.17

साध्या कॅल्क्युलेटरवर दोन पायाच्या लॉगचं बटण बहुधा नसतं, पण जुन्या पुस्तिकेनेही काम भागतं. ३६ चा दहा पायाचा लॉग १.५५६३, दोनाचा ०.३०१०, पहिल्याला दुसऱ्याने भागलं की ५.१७ येतात.

‘अर्धं करण्याची संख्या’ ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे आणि तिला तेव्हापासून नावही आहे. षट्खंडागम या जैन ग्रंथावर आचार्य वीरसेनांनी ‘धवला’ नावाची टीका लिहिली. तिचा काळ इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या सुरुवातीचा मानतात. त्या टीकेत ‘अर्धच्छेद’ येतो, म्हणजे एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते ती गणती. आठाचे अर्धच्छेद तीन, सोळाचे चार. तीनाने भागत जाण्यासाठी ‘त्रिकच्छेद’ असाही शब्द तिथे आहे. हीरालाल जैन यांनी संपादित केलेले धवलेचे खंड १९३९ पासून छापले जाऊ लागले, तेही अमरावतीहून. वीरसेनांना निरोप पाठवायचे नव्हते. विश्वरचनेच्या वर्णनात येणाऱ्या अफाट संख्या हाताळण्यासाठी त्यांना हे साधन हवं होतं. तरी बिट या शब्दाला मराठी प्रतिशब्द हवाच असेल तर मी अर्धच्छेदाच्या बाजूने मत देईन. निदान तो शब्द स्वतःचा अर्थ स्वतःच सांगतो.

निरोपांच्या संदर्भात लॉग आणला तो राल्फ हार्टली यांनी. ते अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत इंजिनिअर होते आणि तारा-टेलिफोनच्या वाहिन्यांची तुलना कशी करायची हा त्यांचा व्यवहारातला प्रश्न होता. १९२८ मधल्या लेखात त्यांनी निरोपाचा अर्थ, त्याचं महत्त्व, वाचणाऱ्याच्या मनावर होणारा परिणाम हे सगळं बाजूला ठेवलं. पाठवणाऱ्याला प्रत्येक जागी किती चिन्हांतून एक निवडता येतं आणि अशा जागा किती, एवढंच धरलं. छत्तीस चिन्हं आणि दोन जागा असतील तर छत्तीस गुणिले छत्तीस, म्हणजे १२९६ निरोप शक्य होतात. पण दोन जागांचा निरोप एका जागेच्या निरोपाच्या छत्तीस पट माहिती देतो, असं कुणी म्हणणार नाही. तो दुप्पट देतो. शक्यतांचा गुणाकार होतो, माहितीची मात्र बेरीज व्हायला हवी. गुणाकाराची बेरीज करून देणं हे तर लॉगचं मूळ कामच आहे, लॉग टेबल वापरायचो ती त्याचसाठी. पाया कोणता घ्यायचा ते हार्टली यांनी मोकळं सोडलं. पुढे त्याच संस्थेतल्या क्लॉड शॅनन यांनी १९४८ च्या लेखात दोन पाया घेतल्यावर येणाऱ्या एककाला ‘बिट’ म्हटलं आणि हे नाव जॉन टुकी यांनी सुचवल्याचं तिथेच नोंदवलं.

बेरीज होते म्हणजे काय होतं, ते पुढच्या डावात दिसलं. या वेळी भाचीने नागपूर धरलं होतं. मी यादीतली रेघ सोडून विभागांवरून विचारलं.

“विदर्भ किंवा कोकण, या दोहोंपैकी एकात आहे का?”

तिला हा प्रश्न विचित्र वाटला, कारण एकीकडे गोंदिया आणि दुसरीकडे सिंधुदुर्ग एका वाक्यात कोण आणतं? पण विदर्भाचे अकरा आणि कोकणाचे सात मिळून नेमके अठरा होतात. मराठवाड्याचे आठ, नाशिक विभागाचे पाच आणि पुणे विभागाचे पाच मिळून उरलेले अठरा. नकाशावर वेडावाकडा दिसणारा प्रश्न मोजणीत बरोबर मधोमध बसतो.

“हो.” एक बिट. उरले अठरा.

“विदर्भात?” “हो.” अठराचे अकरा झाले, ०.७१ बिट.

“नागपूर विभागात?” अमरावती विभागाचे पाच जिल्हे गेले, सहा उरले. ०.८७ बिट.

“नागपूर, वर्धा, चंद्रपूर यांपैकी?” “हो.” सहाचे तीन, पुरता एक बिट.

“वर्धा?” “नाही.” तिनाचे दोन, ०.५९ बिट.

“नागपूर?” “हो!” दोनाचा एक. आणखी एक बिट.

सगळी बेरीज करा: ५.१७. छत्तिसाचा लॉगही तेवढाच. हा योगायोग नाही. सहा जिल्हे उरले असताना मी धाडस करून थेट ‘नागपूर?’ विचारलं असतं, तर चौथ्याच प्रश्नात काम झालं असतं आणि त्या एका ‘हो’ने २.५९ बिट दिले असते. पण बेरीज पुन्हा ५.१७ च. कोकणापासून सुरुवात केली असती तरी तेच. वाट कोणतीही असो, छत्तीसातून एकावर येण्याची उंची ठरलेली आहे. प्रश्न चार लागोत की नऊ.

आता खटकणारी गोष्ट. प्रश्न पूर्णांकातच विचारता येतात, मग हे ०.१७ काय आहे? पाच प्रश्न पुरत नाहीत आणि सहा लागतात, तर सरळ सहाच का म्हणू नये?

कारण सहाव्या प्रश्नाचा मोठा भाग वाया जातो आणि तो वाचवता येतो. सहा बिटांत चौसष्ट जागा आहेत, आपण छत्तीस वापरतो, अठ्ठावीस रिकाम्या. पण एकाऐवजी दोन जिल्हे एकदम कळवायचे असतील तर १२९६ जोड्या होतात, आणि दोनाचा अकरावा घात २०४८. म्हणजे दोन जिल्ह्यांना बारा नव्हे, अकरा बिट पुरतात. दर जिल्ह्याला साडेपाच. पाच जिल्हे एकदम बांधले तर सुमारे सहा कोटी पाच लाख शक्यता होतात आणि सव्वीस बिटांत सहा कोटी एकाहत्तर लाख जागा असतात. दर जिल्ह्याला ५.२. गाठोडं मोठं करत गेलं तर हा आकडा ५.१७ च्या जवळजवळ येत राहतो, त्याच्या खाली मात्र कधीच जात नाही. अपूर्णांकातल्या बिटाचा अर्थ हा असा गाठोड्यात कळतो.

आणि ही गाठोडी आपण रोज पाहतो. भाजीच्या गाडीवर, चहाच्या टपरीवर चिकटवलेल्या क्यूआर कोडमध्ये ही युक्ती भरलेली आहे. मासाहिरो हारा यांच्या गटाने १९९४ मध्ये जपानमध्ये तो तयार केला तेव्हा डोळ्यासमोर गाडीचे सुटे भाग होते, आणि सुट्या भागांवर आकडेच आकडे असतात. एक आकडा म्हणजे दहा शक्यता, ३.३२ बिट. एकेक आकडा वेगळा लिहायचा तर प्रत्येकी चार बिट लागतात आणि सोळापैकी सहा जागा रिकाम्या जातात. क्यूआर कोड आकडे तिनाच्या जुड्यांत बांधतो. तीन आकड्यांच्या हजार शक्यता, दहा बिटांच्या १०२४ जागा. वाया गेल्या फक्त चोवीस.

नागपूरच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिन घ्या, ४४०००१. त्याच्या दोन जुड्या होतात, ४४० आणि ००१. दोनाच्या पद्धतीत ४४० म्हणजे २५६, १२८, ३२, १६ आणि ८ यांची बेरीज. म्हणून क्यूआरमध्ये पिनचा हा भाग असा जातो:

```
440 -> 0110111000
001 -> 0000000001
```

एकूण वीस बिट. सहा आकड्यांचा हिशेब १९.९३ येतो, म्हणजे वायफळ खर्च बिटाच्या दहाव्या भागाहूनही कमी. शेवटी दोन आकडे सुटे उरले तर सात बिट देतात, कारण १२८ जागांत शंभर शक्यता मावतात; एक उरला तर चार. आणि ‘००१’ मधली शून्यं हरवू नयेत म्हणून एकूण आकडे किती, हे सुरुवातीलाच स्वतंत्र लिहिलेलं असतं. वाचणाऱ्या यंत्राला एखाद्या पूर्ण जुडीत १०११ दिसलं, तर ते वाचन नक्की बिघडलेलं आहे, कारण ती वाया सोडलेल्या चोवीस जागांपैकी एक आहे.

आकड्यांखेरीज इंग्रजी मोठी लिपी आणि काही खुणा अशा पंचेचाळीस चिन्हांसाठी वेगळी पद्धत आहे. तिथे दोन-दोनची जुडी होते: पंचेचाळीस गुणिले पंचेचाळीस म्हणजे २०२५, आणि अकरा बिटांच्या जागा २०४८. इतकं घट्ट बसलेलं गाठोडं पाहिलं की पंचेचाळीस ही संख्या उगाच निवडली नसणार असं वाटतंच. पैसे देण्याच्या कोडमध्ये मात्र ही बचत होत नाही. त्यातला मजकूर `upi://pay?pa=` असा सुरू होतो. लहान लिपी आणि प्रश्नचिन्ह त्या पंचेचाळिसांत नाहीत, म्हणून प्रत्येक अक्षराला आठ बिट मोजावे लागतात. हे तेरा अक्षरांचं सुरुवातीचं पालुपद १०४ बिटांची जागा खातं. कोड यूपीआयचाच आहे हे ज्याला आधीच माहीत आहे, त्याला ते शून्य बिट माहिती देतं, कारण त्याच्यापुढे एकच शक्यता होती, आणि एकाचा लॉग शून्य.

इथे बिट या एकाच शब्दाचे दोन अर्थ वेगळे करायला हवेत. एक म्हणजे जागा: काळा किंवा पांढरा चौकोन. दुसरा म्हणजे त्या जागेतून खरोखर कळलेली माहिती. जागा एकाच बिटाची असेल तर तीतून फार तर एक बिट माहिती निघते. कमी मात्र कितीही निघू शकते. सगळ्यात लहान क्यूआर कोड २१ गुणिले २१ चा, ४४१ चौकोनांचा. त्यातले तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन प्रत्येक कोडमध्ये तसेच असतात, ते यंत्राला दिशा दाखवतात आणि माहिती काहीच देत नाहीत. असा जोडकामाचा भाग वगळला की २०८ चौकोन उरतात. त्यांपैकी निदान ५६ चूक दुरुस्त करण्यासाठी आहेत. मजकूर ठरला की तेही ठरतात, म्हणून त्यांच्यातूनही नवं काही कळत नाही. राहिले १५२.

या १५२ चौकोनांत आकडे एक्केचाळीस मावतात, पंचेचाळीसच्या यादीतली चिन्हं पंचवीस आणि आठ-आठ बिटांची अक्षरं सतरा. आता त्यात देवनागरी लिहून पाहू. आजच्या प्रचलित पद्धतीत, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला आठ-आठ बिटांचे तीन घर लागतात, आणि काना, वेलांटी, अनुस्वार हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं आहेत. ‘मुंबई’ म्हणजे म, उकार, अनुस्वार, ब, ई: पाच चिन्हं, पंधरा घरं. मावलं. ‘नागपूर’ म्हणजे न, काना, ग, प, दीर्घ ऊकार, र: सहा चिन्हं, अठरा घरं. सतरापेक्षा एक जास्त. सगळ्यात लहान क्यूआर कोडमध्ये मुंबई बसते आणि नागपूर बसत नाही. विदर्भातल्या माणसाला हे ऐकून नवल वाटणार नाही, पण इथे कारण निव्वळ काना-ऊकाराचं आहे.

तर नागपूर किती बिटांचं? देवनागरीत लिहिलं तर १४४ बिटांची जागा लागली. हे तीन-तीन घर जगातल्या सगळ्या लिप्यांना सामावून घेण्याची किंमत आहे. ज्याला लिपी देवनागरी आहे हे आधीच ठाऊक आहे, त्याला त्या लिपीसाठी राखलेल्या १२८ जागांतली एक सांगायला सातच बिट लागतात, म्हणजे सहा चिन्हांना बेचाळीस. इंग्रजी मोठ्या लिपीत `NAGPUR` लिहिलं तर तीन जुड्या, तेहेतीस बिट. आणि दोन्हीकडे जिल्ह्यांची एकच यादी असेल, जशी आमच्याकडे वहीत होती, तर नुसता क्रमांक पुरतो, सहा बिट, हिशेबाने ५.१७. शब्द तोच, ठिकाण तेच. बदलत गेली ती फक्त ‘याशिवाय आणखी काय असू शकलं असतं’ याची यादी. बिट ती यादी मोजतात. नागपूरच्या संत्र्यांशी किंवा उन्हाळ्याशी त्यांना देणंघेणं नाही.

या मोजणीला एक अट आहे आणि ती मी आतापर्यंत गुपचूप धरून चाललो होतो. छत्तीसही जिल्हे सारख्याच शक्यतेचे हवेत. दहावीच्या पुस्तकात ज्याला समसंभाव्य म्हणतात, तसे. पिनच्या बाबतीत ही अट उघडच मोडते. सहा आकड्यांत दहा लाख पिन लिहिता येतात, पण देशात वापरात आहेत ते सुमारे एकोणीस हजार, आणि शून्याने सुरू होणारा तर एकही नाही. खऱ्या पिनांची यादी हाताशी असेल तर पंधरा बिटांत काम होतं. क्यूआर वीस घेतो कारण त्याला यादी माहीत नाही, त्याच्या दृष्टीने प्रत्येक आकडा सारखाच.

गाडीतल्या डब्यातल्या एखाद्या अनोळखी माणसाचा जिल्हा ओळखायचा म्हटलं, तरी अट मोडते. तो पुण्याचा असण्याची शक्यता सिंधुदुर्गाचा असण्यापेक्षा कितीतरी जास्त. अशा वेळी जिल्हे मोजायचे सोडून माणसं मोजायची. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ११ कोटी २४ लाख होती. त्यातला कुठलाही एक माणूस चिठ्ठी टाकून निवडला तर सगळी माणसं समसंभाव्य आहेत, आणि अट पुन्हा जुळते. एवढ्यातून एकाला गाठायला २६.७४ बिट, म्हणजे सत्तावीस प्रश्न पुरतात. सत्तावीस वेळा दुप्पट केलं की तेरा कोटींच्या वर जातो. आता तो म्हणाला, “मी पुण्याचा.” जिल्ह्यात तेव्हा ९४ लाख माणसं होती. ११ कोटी २४ लाखांचे ९४ लाख झाले, ३.५८ बिट. तो म्हणाला असता, “मी सिंधुदुर्गाचा,” तर साडेआठ लाखच उरले असते, सात बिटांहून थोडे जास्त. जिल्हा कळणं ही क्रिया एकच, पण एका उत्तराने दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट माहिती दिली. विरळ उत्तर जास्त बिटांचं असतं. १९४८ च्या लेखात शॅनन यांनी अशा असमान शक्यतांच्या सरासरीचं सूत्र मांडलं. त्याच्या तळाशी मोजणी मात्र हीच आहे, समसंभाव्य गोष्टी किती वेळा निम्म्या झाल्या त्याची.

बडनेरा येईपर्यंत आमचे चार डाव झाले होते. भाचीने धरलेले जिल्हे मी मनात जपून ठेवत होतो: नागपूर, रायगड, नागपूर, पुणे. बाहेर अंधार होता, ती खिडकीला टेकून विचार करत होती.

“धरला. आता सहा प्रश्न.”

“दोन,” मी म्हणालो.

“शक्यच नाही! छत्तीस आहेत मामा.”

“पुणे किंवा मुंबई?”

ती जरा थांबली. “...हो.”

“पुणे?”

“नाही. पण मुंबईत दोन जिल्हे आहेत, शहर आणि उपनगर! आता बोल.”

“उपनगर. आजी राहते तिथे.”

तिने वही मिटली. ती प्रत्यक्ष गेलेली ठिकाणंच धरत होती आणि ती चारच होती: नागपूर, रायगड, पुणे आणि आजीचं घर. चाराचा लॉग दोन.

“मामा, ही चीटिंग आहे,” ती म्हणाली. मग वही पुन्हा उघडून, डोळे मिटून, यादीवर कुठेतरी बोट ठेवलं. “आता विचार.”

अकोला गेलं तरी मी पाचव्या प्रश्नावर होतो.